साडेचार लाखांचं गोल बिल: को-टर्म केलेल्या चाळीस लायसनांची हकीकत

चाकण परिसरातल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यानं विक्री आणि सर्व्हिसच्या माणसांसाठी एक क्लाउड सॉफ्टवेअर घेतलं होतं. करार तीन वर्षांचा, १५ ऑगस्ट २०२२ ते १४ ऑगस्ट २०२५. युजर २००, दर युजरमागे वर्षाला १२,००० रुपये, आणि पैसे दर वर्षी आगाऊ. म्हणजे दर १५ ऑगस्टला २४ लाखांचं बिल, त्यावर १८ टक्के जीएसटी. किंमत-यादीतला दर १५,००० होता. त्यावरची २० टक्के सूट खरेदी विभागानं बरीच घासाघीस करून मिळवलेली होती. कारखाना कोणता आणि पुरवठादार कोण हे सांगत नाही. ओळख पटू नये इतपत आकडेही बदलले आहेत. हिशेबाचा गुंता मात्र जसा झाला तसाच ठेवला आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कारखान्याला आणखी ४० युजर हवे झाले. खरेदी विभागाच्या बाईंनी पुरवठादाराला मेल टाकला की १ नोव्हेंबरपासून ४० लायसन द्या आणि जुन्या करारासोबत को-टर्म करा. मागणी बरोबरच होती. को-टर्म केलं नाही, तर या चाळिसांचं स्वतंत्र वर्ष सुरू होतं आणि ते ३१ ऑक्टोबरला संपतं, तर मूळ दोनशेंचं १४ ऑगस्टला. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन तारखा झाल्या की नूतनीकरण थांबवण्याच्या नोटिशीही दोन, मंजुऱ्याही दोन. शिवाय भाव करायला बसायचं ते एकदा २०० च्या जोरावर आणि एकदा नुसत्या ४० च्या. दुसऱ्या वेळी पुरवठादार तुमच्याकडे मान वर करून बघतही नाही. म्हणून नवी खरेदी जुन्या शेवटच्या तारखेला नेऊन बांधायची. पहिला तुकडा वर्षापेक्षा लहान असतो, त्याचे तेवढेच पैसे घ्यायचे, आणि त्या तुकड्याचं जे बिल येतं ते प्रो-राटा बिल.

लेखा विभागानं त्या तुकड्याचा हिशेब आधीच करून ३,७८,७३९.७३ रुपयांची पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, काढली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बिल आलं ४,५०,००० चं, वर जीएसटी ८१,०००, एकूण ५,३१,०००. लेखा विभागातले गृहस्थ बिल घेऊन खरेदीत आले. "मॅडम, पीओ पावणेचार लाखांच्या आसपास आणि बिल साडेचारचं. हे मी पास कसं करू?" पुरवठादाराच्या माणसाला फोन केला तर त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "मॅडम, सिस्टीमनंच काढलंय." मग ती फाइल माझ्याकडे आली. मी सॉफ्टवेअरचे करार तपासून देण्याचं काम करतो, आणि अशी बिलं बरीच बघण्यात येतात.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती रकमेचा गोलपणा. ४० युजर, नोव्हेंबरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, आणि रक्कम बरोबर साडेचार लाख. दिवसांवर काढलेलं प्रो-राटा बिल सहसा इतकं सुबक येत नाही, त्यात पैसे लोंबकळत असतात. रक्कम अशी गोल दिसली की दोन शक्यता धरायच्या. एक तर यंत्रणेनं दिवस न मोजता पूर्ण महिने मोजलेत, नाहीतर कुणीतरी हातानं आकडा घातलाय. इथे पहिली शक्यता खरी निघाली. ४,५०,००० ला ४० नं भागलं की ११,२५०. हे दहा महिन्यांचे धरले तर महिन्याला १,१२५, वर्षाला १३,५००. म्हणजे दरही आपला नव्हता. १२,००० च्या जागी १३,५००, म्हणजे यादीतल्या १५,००० वर वीसऐवजी दहा टक्केच सूट.

असं उलटं भागत जाणं हे या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. प्रो-राटा बिलावर बहुतेक वेळा नग आणि रक्कम तेवढी छापलेली असते. वार्षिक दर किती धरला आणि काळाचा अपूर्णांक किती धरला, हे दोन्ही एकाच आकड्यात मुरलेले असतात. ते सुटे केल्याशिवाय भांडण कशावर आहे हेच कळत नाही. 'बिल जास्त आहे' म्हटलं की समोरचा 'सिस्टीम' म्हणतो आणि विषय तिथेच थांबतो. 'तुम्ही १३,५०० चा दर आणि १२ पैकी १० महिने धरलेत' म्हटलं, की त्याला दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं द्यावी लागतात.

पण पुरवठादाराकडे जाण्याआधी आपला आकडा तपासला. १ नोव्हेंबर २०२३ ते १४ ऑगस्ट २०२४ हे दोन्ही टोकं धरून २८८ दिवस होतात. लेखा विभागानं त्याला ३६५ नं भागलं होतं. सवयच असते ती. पण या कराराच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे १५ ऑगस्ट २०२३ ते १४ ऑगस्ट २०२४ या काळात, २९ फेब्रुवारी येत होता. वर्ष ३६६ दिवसांचं होतं. वर २९ फेब्रुवारी मोजायचा आणि खाली मोजायचा नाही, हे जमत नाही. ताळा सोपा आहे. त्याच सूत्रात पूर्ण वर्ष घालून बघायचं. उत्तर एक आलं पाहिजे. ३६६ ला ३६५ नं भागलं तर ते एकाच्या वर जातं, म्हणजे पूर्ण वर्ष वापरणाऱ्याला वर्षाच्या दरापेक्षा जास्त पैसे पडतात. तेव्हा छेदात ३६५ हा पाठ केलेला आकडा न घालता त्या करार-वर्षाचे प्रत्यक्ष दिवस घालायचे. एक्सेलमध्ये ते असं होतं:

```
B1  नग                     40
B2  वार्षिक दर              12000
B3  करार-वर्षाची सुरुवात    15-08-2023
B4  नव्या खरेदीची सुरुवात    01-11-2023
B5  करार-वर्षाचा शेवट       14-08-2024

=ROUND(B1*B2*(B5-B4+1)/(B5-B3+1),2)
```

उत्तर ३,७७,७०४.९२. दोन्ही ठिकाणचा `+1` विसरायचा नाही, कारण दोन तारखांची वजाबाकी एक दिवस कमी देते आणि पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस आपण वापरत असतो. पीओतल्या आकड्यापेक्षा हा हजारेक रुपयांनी कमी आला. हजार रुपयांसाठी कुणी भांडत नाही, पण समोरच्याचा हिशेब चुकीचा ठरवायला जाताना आपल्या कागदावर अशी फट ठेवू नये.

आता फरकाचे दोन भाग पाडता आले. बिल ४,५०,०००. दर दुरुस्त करून १२,००० धरला आणि महिने दहाच ठेवले, तर ४,००,०००. म्हणजे ५०,००० दरामुळे. दहा महिन्यांऐवजी दिवस मोजले, तर ३,७७,७०४.९२. म्हणजे २२,२९५.०८ महिन्यांच्या मोजणीमुळे. एकूण फरक ७२,२९५.०८, आणि त्यातल्या दोन भागांची कायद्याची ताकद अगदी वेगळी होती.

दराच्या बाबतीत करार आपल्या बाजूनं स्वच्छ होता. मूळ ऑर्डर फॉर्ममध्ये एक वाक्य होतं की मुदतीच्या काळात वाढीव युजर याच फॉर्ममधल्या दरानं मिळतील. हे वाक्य नसतं, तर १३,५०० हा 'मिळाली तीही सूटच' म्हणून गळ्यात पडला असता. पुरवठादाराकडे झालं होतं इतकंच की मूळ सूट एका वरिष्ठाच्या खास मंजुरीनं दिलेली होती. नवं कोटेशन करणाऱ्या माणसाला स्वतःच्या अधिकारात दहा टक्केच देता येत होते, तेवढे त्यानं दिले. त्यानं जुना करार उघडून पाहिलाच नव्हता. यात लबाडी दिसली नाही. करार एका प्रणालीत पीडीएफ होऊन पडलेला असतो आणि कोटेशन दुसऱ्या प्रणालीत किंमत-यादीवरून तयार होतं. हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वाक्य आणि पान क्रमांक मेलमध्ये टाकला, दोन दिवसांत दर मान्य झाला.

महिन्यांचं तसं नव्हतं. करारात प्रो-राटा एवढंच लिहिलं होतं. दिवसांनी की महिन्यांनी, याबद्दल अक्षर नव्हतं. आणि इथे पुरवठादार खोटं बोलत नव्हता, खरंच सिस्टीम तसं काढते. कोटेशन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही एक ठरवून ठेवायची गोष्ट असते. सेल्सफोर्सच्या सीपीक्यूमध्ये तिचं नावच `Subscription Prorate Precision` आहे. तिथे दिवसांनी मोजा, महिने अधिक उरलेले दिवस असं मोजा, किंवा अपुरा महिना पूर्ण धरून मोजा, यांतलं एक निवडता येतं. बिलं काढणाऱ्या झुओरा या प्रणालीत महिना नेहमी ३० दिवसांचा धरायचा की प्रत्यक्ष दिवस मोजायचे, याची निवड असते. स्ट्राइप तर सेकंदावर हिशेब करतं. एकदा बसवलं की ते सगळ्या गिऱ्हाइकांना लागू होतं आणि एका कारखान्यासाठी कुणी बदलत नाही. आपल्या पुरवठादाराकडे अपुरा महिना पूर्ण धरण्याचा नियम होता. १ नोव्हेंबर ते ३१ जुलै हे नऊ महिने, आणि ऑगस्टचे १४ दिवस हा दहावा.

या नियमाशी झगडण्यापेक्षा त्याच्या आत शिरून वाट काढणं सोपं असतं. महिने मोजणारी यंत्रणा सुरुवातीच्या तारखेपासून महिना धरते. मग सुरुवात कराराच्याच तारखेला, म्हणजे महिन्याच्या १५ ला ठेवली तर अपुरा महिना उरतच नाही. १५ नोव्हेंबर ते १४ ऑगस्ट हे बरोबर नऊ महिने. ४० गुणिले १२,००० चे नऊ महिने म्हणजे ३,६०,०००. त्याउलट १६ नोव्हेंबरला सुरुवात केली, तर यंत्रणेच्या मते ते आठ महिने आणि काही दिवस, म्हणजे वर चढवून पुन्हा नऊच. दहा दिवस उशिरा घेतलं तरी पैसे तेवढेच. खरेदी करणाऱ्यानं एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं: पुरवठादार महिने मोजत असेल, तर वाढीव खरेदी करार ज्या तारखेला सुरू झाला त्याच तारखेला सुरू करायची.

आमच्याकडे तारीख पुढे सरकवायला सबळ कारणही होतं. बिलावर १ नोव्हेंबर असलं, तरी लायसनांची संख्या २०० वरून २४० झाल्याचा पुरवठादाराचा आपोआप जाणारा मेल १२ नोव्हेंबरचा होता. म्हणजे पहिले अकरा दिवस माल मिळालेलाच नव्हता. सही २८ ऑक्टोबरला झाली, तेव्हा कोटेशनवरची सुरुवातीची तारीख आधीच छापलेली होती, आणि लायसन चालू करणारा विभाग तिसराच. हे फार नेहमीचं आहे. कोटेशन करताना टाकलेली तारीख सही लांबली तरी तशीच पुढे सरकत बिलात जाते. म्हणून तो संख्या बदलल्याचा मेल, किंवा ॲडमिनच्या पानावरचा तारखेसकट स्क्रीनशॉट, जपून ठेवावा. आम्ही म्हटलं, १५ नोव्हेंबर धरा. त्यांनाही ते बरं वाटलं, कारण सिस्टीमच्या नियमाला हात लागत नव्हता.

म्हणजे बरोबर रक्कम ३,६०,००० अधिक जीएसटी ६४,८००, एकूण ४,२४,८००. आलेल्या बिलाशी फरक १,०६,२००, त्यात मूळ रक्कम ९०,००० आणि जीएसटी १६,२००.

चुकीचं बिल मागे कसं घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. पुरवठादाराला ई-इन्व्हॉइस लागू होतं, आणि पोर्टलवर नोंदवलेलं बिल २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. ते केव्हाच उलटून गेले होते. मग उरते क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली जास्तीची रक्कम कमी केल्याचा कागद. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे कर कमी करून घेणारी क्रेडिट नोट बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोपर्यंत दाखवता येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ मधल्या या बिलासाठी ती मुदत ३० नोव्हेंबर २०२४ होती, त्यामुळे घाई नव्हती. ९०,००० ची क्रेडिट नोट डिसेंबरात आली, उरलेले पैसे भरले, दोन्ही कागद जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्यात दिसले, लेखा विभागानं फाइल बंद केली.

खरा घोळ इथेच राहिला होता.

१५ ऑगस्ट २०२४ चं, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं बिल आलं २९,४०,००० चं. २४० युजरांचे १२,००० नं २८,८०,००० व्हायला हवेत. ६०,००० जास्त. उलटं भागलं, तर पुन्हा तेच: २०० युजर १२,००० नं, ४० युजर १३,५०० नं. नऊ महिन्यांपूर्वी मागे घेतलेला दर परत उगवला होता.

कारण समजून घेण्यासारखं आहे. क्रेडिट नोट लेखा प्रणालीत निघते, तिनं पैशांचा हिशेब जुळतो. पण पुढची बिलं तिच्यावरून बनत नाहीत. ती बनतात सबस्क्रिप्शनच्या नोंदीवरून. त्या नोंदीत प्रत्येक खरेदीची एक ओळ असते: कोणतं उत्पादन, किती नग, कोणता दर, कधीपासून कधीपर्यंत. आमच्या चाळिसांची ओळ अजून १३,५०० आणि १ नोव्हेंबर हेच सांगत होती. डिसेंबरात पैसे सुधारले, ओळ कुणी सुधारली नाही. पुरवठादाराच्या बिल विभागाला गिऱ्हाईक शांत झाल्याशी मतलब होता, कारखान्याला बिलाचे पैसे कमी झाल्याशी.

आणि हे एका वर्षावर थांबलं नसतं. नूतनीकरणाचं कोटेशनही याच ओळींवरून निघतं. करारात नूतनीकरणाच्या वेळची वाढ सात टक्क्यांवर जाणार नाही, असं होतं. पण सात टक्के कशावर? चालू दरावर. बाराचे सात टक्क्यांनी १२,८४० होतात, साडेतेराचे १४,४४५. म्हणजे ४० युजरांवर वर्षाला ६४,२०० जास्त, आणि पुढचा करारही तीन वर्षांचा केला तर १,९२,६००. वाढीवर मर्यादा घातली म्हणून निर्धास्त राहावं, तर मर्यादा पाळली जाते आणि तिच्या खालचा पायाच वर गेलेला असतो.

यावेळी नुसती क्रेडिट नोट मागितली नाही, ओळ दुरुस्त करून मागितली. बहुतेक प्रणालींत चालू ओळीचा दर थेट बदलता येत नाही. नग कमी-जास्त करता येतात, दर नाही. मग जुन्या ओळीवर वजा ४० करून ती शून्यावर आणायची आणि १२,००० दराची अधिक ४० ची नवी ओळ घालायची, शेवटची तारीख तीच १४ ऑगस्ट २०२५. या दुरुस्तीचा पहिला मसुदा आला, त्यात बदलाची तारीख १० सप्टेंबर होती, म्हणजे ज्या दिवशी ते काम करत होते ती. तसं केलं असतं, तर १५ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर हे २६ दिवस जुन्या दरानं राहिले असते. मसुदा परत पाठवला आणि तारीख १५ ऑगस्ट करून घेतली. जुन्या ओळीचे ५,४०,००० पूर्ण वजा, नव्या ओळीचे ४,८०,००० अधिक, निव्वळ ६०,००० ची क्रेडिट नोट. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडून सगळ्या ओळींची यादी मागवली, प्रत्येकीचा दर आणि दोन्ही तारखांसकट. बिल बरोबर आलं म्हणून नोंद बरोबर असते असं नाही, हे एकदा अनुभवलेलं होतंच.

याच ऑगस्टात कारखान्याच्या आतही थोडी खडाखडी झाली, ती वेगळ्या कारणानं. विक्री विभागाच्या बजेटमध्ये चाळीस युजरांचा वार्षिक खर्च ३,६०,००० धरला होता, कारण पहिल्या वर्षी भरले तेवढेच. तो नऊ महिन्यांचा होता हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ४,८०,००० लागले आणि विक्रीचे साहेब 'भाव वाढवलाय' म्हणून पुरवठादारावर घसरले. भाव एक पैसाही वाढलेला नव्हता. त्यानंतर पीओवर दोन आकडे लिहायची पद्धत पडली: या तुकड्याचे किती आणि पूर्ण वर्षाचे किती. पुरवठादाराच्या कोटेशनवर दुसरा आकडा क्वचितच असतो, आपणच काढून लिहावा लागतो.

को-टर्मबद्दल एक गोष्ट खरेदीवाले सहसा धरत नाहीत. ती म्हणजे ही सोय बांधूनही ठेवते. या चाळिसांची मुदत नऊ महिन्यांची नव्हती, १४ ऑगस्ट २०२५ पर्यंत, म्हणजे एकवीस महिन्यांची होती. पहिलं बिल छोटं दिसलं तरी सही केली ती ८,४०,००० च्या बांधिलकीवर. मध्येच दहा माणसं कमी झाली म्हणून दहा लायसन परत करता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या वार्षिक योजनांत वाढवलेल्या जागा कमी करायला सात दिवस मिळतात, नंतर मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. अनेक पुरवठादार तेवढेही देत नाहीत. गरज सहा महिन्यांची असेल आणि महिन्याच्या बोलीनं घ्यायची सोय असेल, तर महाग दर देऊनही ती स्वस्त पडू शकते. आमच्या कारखान्याला ४० माणसं कायमची हवी होती, म्हणून को-टर्मच योग्य होतं.

सगळीकडे को-टर्म म्हणजे हेच असंही नाही. सिस्को मेराकीच्या नेटवर्क उपकरणांच्या को-टर्म पद्धतीत पैसे कापले जात नाहीत, तारीख हलते. नवं लायसन पूर्ण मुदतीचं घ्यायचं, मग सगळ्या लायसनांची उरलेली मुदत भारित सरासरीनं एकत्र करून सर्वांची एकच नवी शेवटची तारीख काढली जाते. प्रो-राटा बिल तिथे येतच नाही. तिथल्या सवयीनं इथे हिशेब करायला गेलात, किंवा उलट, तर काहीच जुळणार नाही.

मे २०२५ मध्ये नूतनीकरणाचं कोटेशन आलं. नोटिशीची मुदत ६० दिवसांची होती, त्याआधी महिनाभर ते हातात होतं. दोन ओळी: २०० युजर १२,८४० नं आणि ४० युजर १२,८४० नं, एकूण ३०,८१,६००. दर जुळत होते. आम्ही दोन्ही ओळींची मिळून २४० ची एक ओळ करून मागितली. दोन ओळी राहिल्या की पुढच्या वेळी एकीवर सूट आणि दुसरीवर नाही, असं होण्याची वाट उघडी राहते, शिवाय २४० ला लागणारा टप्प्याचा दर २०० आणि ४० ला वेगवेगळा लागू शकतो. एक ओळ मिळाली. २४० च्या टप्प्यावरून वाढही सातऐवजी पाच टक्क्यांवर आली, म्हणजे दर १२,६०० आणि वर्षाचे ३०,२४,०००.

नव्या ऑर्डर फॉर्ममध्ये वाढीव खरेदीसाठी एक कलम घालून घेतलं. त्याचा मथितार्थ असा: मुदतीत घेतलेले वाढीव युजर याच फॉर्ममधल्या दरानं मिळतील, त्यांची मुदत मूळ मुदतीबरोबर संपेल, पहिल्या तुकड्याची रक्कम वार्षिक दर गुणिले उरलेले दिवस भागिले त्या करार-वर्षाचे एकूण दिवस अशी काढली जाईल, आणि सुरुवात लायसन प्रत्यक्ष चालू झाल्याच्या दिवसापासून धरली जाईल. पहिल्या दोन गोष्टी पुरवठादारानं बिनबोभाट मान्य केल्या. दिवसांचं सूत्र त्यांनी कापलं, सिस्टीम महिन्यांवरच चालते म्हणून. त्याजागी 'वाढीव खरेदी महिन्याच्या १५ तारखेला सुरू होईल आणि त्याआधी चालू केलेल्या दिवसांचे पैसे लागणार नाहीत' एवढं वाक्य आलं. हे आमच्या मागणीपेक्षा बरं निघालं. १५ च्या आधी चालू झालेले लायसन दरवेळी थोडे दिवस फुकट मिळणार होते, आणि सही करताना ते त्यांच्या कुणाच्या ध्यानात आलं असावंसं वाटलं नाही.